लसीकरण शिबिराची चित्रओळ : एका कॅप्शनचे परीक्षण

तांत्रिक लेखनाच्या तासाला आम्ही साधारणपणे यंत्राची माहितीपुस्तिका, प्रयोगाचा अहवाल, सुरक्षेची सूचना असे नमुने घेतो. या टिपणासाठी मी त्याहून छोटा आणि मला त्याहून अवघड वाटणारा नमुना घेतला आहे. तो म्हणजे लसीकरण शिबिराच्या छायाचित्राखाली किंवा भित्तिपत्रकावर येणारा चार-पाच ओळींचा मजकूर. त्याला कोणी चित्रओळ म्हणते, कोणी कॅप्शन. तो मजकूर वाचून एखादी आई मूल कडेवर घेऊन निघते किंवा निघत नाही. आठ दिवसांनी मुलाला ताप आला, की तिला पुन्हा तोच मजकूर आठवतो.

परीक्षणासाठी गोवर-रुबेला लसीचे शिबिर निवडले आहे. 2022 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मुंबईत गोवरचा उद्रेक झाला आणि गोवंडीचा भाग त्याच्या केंद्रस्थानी होता. नोव्हेंबरच्या अखेरीस केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सल्ला दिला, की उद्रेक असलेल्या भागांत 9 महिने ते 5 वर्षे वयाच्या सर्व मुलांना एक जादा डोस द्यावा. जिथे 9 महिन्यांपेक्षा लहान बाळांमधले रुग्ण एकूण रुग्णांच्या 10 टक्क्यांहून अधिक आहेत, तिथे 6 ते 9 महिन्यांच्या बाळांनाही एक डोस द्यावा, असेही त्यात होते. त्यानंतर डिसेंबर 2022 आणि जानेवारी 2023 अशा दोन फेऱ्यांत, ज्यांचे डोस राहून गेले होते त्या मुलांसाठी राज्यात विशेष मोहीमही झाली. म्हणजे लस तीच होती आणि देणारी परिचारिकाही बहुधा तीच होती, पण शिबिरे दोन तऱ्हेची होती. एका शिबिरात वयात बसणारे प्रत्येक मूल हवे होते, दुसऱ्यात फक्त राहून गेलेली मुले. कॅप्शन लिहिणाऱ्याची खरी परीक्षा या फरकात होती.

खालचे कॅप्शन मी परीक्षणासाठी तयार केले आहे. ते कोणत्याही कार्यालयाचे नाही. पण यातले प्रत्येक वाक्य आपण कुठे ना कुठे वाचलेले असते.

«गोवरचे थैमान! उद्या आपल्या परिसरात भव्य लसीकरण शिबिर. 0 ते 5 वर्षांच्या सर्व बालकांना झिरो डोस मोफत. लस 100 टक्के सुरक्षित, कोणतेही दुष्परिणाम नाहीत. घाबरू नका, अफवांवर विश्वास ठेवू नका. एकही बालक वंचित राहता कामा नये!»

सोबत छायाचित्र असे, की सुई अगदी पुढे आहे आणि मागे बाळ किंचाळते आहे.

हे लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे. मजकूर छोटा आहे, व्याकरण ठीक आहे. तरी यावरून नेमके कोणाला, कुठे, कधी न्यायचे हे कळत नाही. जे कळते त्यातले काही चूक आहे, आणि जे शांत करण्यासाठी लिहिले आहे तेच धास्ती वाढवते. हे तीन दोष क्रमाने पाहू.

१. कोणासाठी? वय आणि «झिरो डोस»

पहिला दोष आकड्यातला आहे. «0 ते 5 वर्षे» हा शब्दप्रयोग पोलिओच्या मोहिमेतून आला आहे. पोलिओच्या राष्ट्रीय लसीकरण दिवशी नवजात बाळापासून पाच वर्षांखालच्या सर्वांना थेंब देतात, म्हणून तिथे तो बरोबर असतो. गोवरच्या लसीला तो लागू नाही. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस 9 महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान देतात. त्याआधी तो न देण्याचे कारण बाळाच्या शरीरात असते. आईकडून मिळालेली प्रतिपिंडे पहिले काही महिने बाळाच्या रक्तात असतात आणि ती लसीतला जिवंत पण दुबळा केलेला विषाणू निष्प्रभ करू शकतात. टोचले तरी लस नीट रुजत नाही. कॅप्शन वाचून कोणी दोन महिन्यांचे बाळ घेऊन आले, तर परिचारिका त्याला परत पाठवणार. ती आई पुढच्या वेळी येईलच असे नाही.

यावर विद्यार्थी पहिली दुरुस्ती सुचवतात ती «9 महिने ते 5 वर्षे» अशी. ती बरोबर आहे, पण तिच्या दोन्ही कडा धूसर आहेत. नववा महिना लागलेले बाळ चालेल का? पाचवा वाढदिवस गेल्या आठवड्यात झालेला मुलगा चालेल का? घरात वय सांगताना «नववा चालू आहे» असेच म्हणतात, आणि नववा चालू म्हणजे आठ पूर्ण. म्हणून शिबिराच्या मजकुरात «पूर्ण» हा शब्द वगळता येत नाही. «9 महिने पूर्ण झालेली आणि 5 वर्षे पूर्ण न झालेली मुले» हे वाक्य कानाला जड लागते, पण दारात उभ्या राहिलेल्या माणसाचा प्रश्न त्याने सुटतो. शिबिराची तारीख ठरलेली असेल तर आणखी सोपे करता येते. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत जन्मलेली मुले, असे लिहिले की वयाचे गणित वाचणाऱ्यावर पडत नाही.

दुसरी चूक «झिरो डोस» या शब्दाची आहे. हा शब्द आरोग्य खात्यात तीन अर्थांनी वापरतात. जन्मल्याबरोबर दिलेला पोलिओचा डोस हा झिरो डोस. उद्रेकाच्या वेळी 6 ते 9 महिन्यांच्या बाळाला दिलेला, पण नेहमीच्या वेळापत्रकात न मोजला जाणारा गोवरचा डोस हाही झिरो डोस. आणि अहवालांत «झिरो डोस मुले» म्हणजे ज्यांना नेहमीच्या लसीकरणातली लस मिळालेलीच नाही अशी मुले. आतल्या माणसाला संदर्भावरून अर्थ कळतो. बाहेरच्याला शून्य म्हणजे काहीच नाही, एवढेच कळते. «शून्य डोस देणार» हे वाचून कोणी हसेल, कोणी गोंधळेल. आपल्या नमुन्यात तर तो पाच वर्षांपर्यंतच्या सर्वांना लावला आहे, म्हणजे आतल्या माणसाच्या हिशेबानेही तो चुकलेला आहे.

त्याऐवजी «जादा डोस» हा शब्द साधा आहे. पण तो एकटा पुरत नाही, आणि सर्वांत जास्त नुकसान करणारा गैरसमज इथेच होतो. शिबिरात जादा डोस घेतलेल्या चौदा महिन्यांच्या मुलीची आई म्हणते, आता दीड वर्षाचे इंजेक्शन झाले, पुन्हा जायला नको. तसे झाले तर शिबिर गर्दीने भरलेले दिसेल आणि नेहमीच्या दुसऱ्या डोसाची संख्या मागाहून घसरेल. नऊ महिन्यांच्या वयात दिलेला एक डोस साधारण शंभरातल्या पंच्याऐंशी मुलांना गोवरपासून वाचवतो. उरलेल्या पंधरांपैकी बहुतेकांना वाचवते ते दुसऱ्या डोसाने. म्हणून «हा डोस जादा आहे, नेहमीचे दोन्ही डोस ठरल्या वेळी घ्यायचेच आहेत» हे वाक्य कॅप्शनमधून काढता येत नाही. जागा कमी पडली तर «भव्य» काढावे, हे वाक्य राहू द्यावे.

राहून गेलेल्यांसाठीचे शिबिर असेल, तर हाच मजकूर उलटा लिहावा लागतो : «ज्यांचा पहिला किंवा दुसरा डोस राहिला आहे त्यांच्यासाठी.» दोन्ही शिबिरांसाठी एकच तयार मजकूर वापरला की एकीकडे येऊ नये ते येतात आणि दुसरीकडे यायला हवे ते घरी राहतात.

२. «कोणतेही दुष्परिणाम नाहीत»

या दोषात माझी स्वतःची चूक सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी रायपूरमध्ये आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी जवळच्या वस्तीतल्या लसीकरण सत्रासाठी पत्रके वाटली. मजकूर मी लिहिला होता. «दुष्परिणाम नाहीत» असे मी लिहिले नाही, आणि त्याचे मला समाधान होते. मी लिहिले होते : «लसीनंतर एक-दोन दिवस हलका ताप येऊ शकतो.» नवव्या दिवशी वस्तीतल्या एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. मुलाला ताप होता, अंगावर थोडे पुरळ होते. «सर, तुम्ही तर एक-दोन दिवस म्हणाला होता. ते दिवस तर नीट गेले. मग हे काय झालं?» घरात सासूबाई म्हणत होत्या की शिबिरातल्या सुईनेच गोवर आला.

मुलगा दोन दिवसांत बरा झाला. पण चूक माझी होती आणि ती साधी होती. «एक-दोन दिवस ताप» हे वाक्य मी दुसऱ्या लसीच्या पत्रकातून उचलले होते. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना देतात त्या पेंटाव्हॅलंट लसीचा ताप टोचल्यानंतर पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. गोवरच्या लसीचे तसे नसते. तिच्यातला दुबळा विषाणू शरीरात हळूहळू वाढतो आणि शरीर त्याला ओळखू लागते तेव्हा ताप येतो. म्हणून तो साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, आणि शंभरातल्या पाच ते पंधरा मुलांना येतो. थोड्या मुलांना हलके पुरळही येते. हे दोन-तीन दिवसांत आपोआप जाते आणि त्या मुलापासून दुसऱ्याला गोवर होत नाही.

तेव्हा माझे वाक्य लस-शिबिरांबद्दल सर्वसाधारणपणे खरे असले तरी या लसीबद्दल खोटे होते. त्याचा परिणामही «दुष्परिणाम नाहीत» म्हणण्यासारखाच झाला, कारण सांगितलेले दिवस सुखरूप गेले आणि न सांगितलेल्या दिवशी ताप आला. आधी सांगितलेला ताप घरातल्यांना «सांगितला होता तो» वाटतो. न सांगितलेला ताप त्यांना अपघात वाटतो. लसीच्या मजकुरात दिवसाचा आकडा द्यायचा तो एवढ्यासाठी.

दिवसाचा आकडा देतानाही एक मर्यादा पाळावी लागते. आठव्या दिवशी आलेला प्रत्येक ताप लसीचाच असतो असे नाही. त्याच दिवसांत मुलाला मलेरिया होऊ शकतो, न्यूमोनिया होऊ शकतो. कॅप्शनने आईला इतके निश्चिंत करू नये, की ती खरा आजार लसीच्या नावावर घालून बसून राहील. म्हणून तापाच्या वाक्यामागे लगेच दुसरे वाक्य हवे : ताप जास्त असेल, तीन दिवसांपुढे टिकला किंवा मूल सुस्त पडले, तर आरोग्य केंद्रात दाखवा. पहिल्या वाक्याने धीर दिला, तर दुसऱ्याने तो कुठपर्यंत धरायचा हे सांगितले.

इथे विद्यार्थी हमखास एक आक्षेप घेतात : दुष्परिणाम लिहिले तर लोक येणारच नाहीत. हा आक्षेप न्यायालयातही मांडला गेला आहे. जानेवारी 2019 मध्ये दिल्लीतल्या शाळांमधून गोवर-रुबेला लस देण्याच्या मोहिमेला पालकांच्या संमतीच्या मुद्द्यावर आव्हान दिले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने पालकांची संमती आवश्यक ठरवली, आणि वृत्तपत्रांत द्यायच्या जाहिरातींत लसीचे दुष्परिणाम आणि लस कोणाला देऊ नये हेही स्पष्ट लिहावे, असे सांगितले. ती माहिती दिल्याने पालक संमती देणार नाहीत, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. पालकांना समजून निर्णय घेता यावा, हाच तर जाहिरातीचा हेतू आहे, असे त्याचे म्हणणे होते. लेखनाच्या दृष्टीने यातून मी एवढेच घेतो, की माहिती लपवून मिळवलेली गर्दी आणि माहिती देऊन मिळवलेली संमती यांत फरक आहे, आणि आपण दुसरीसाठी लिहितो.

मग सगळेच लिहायचे का? तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया ही अत्यंत विरळ गोष्ट आहे, साधारण दहा लाख डोसांमागे एक अशा प्रमाणातली. आली तर ती बहुधा पहिल्या काही मिनिटांत येते आणि तिच्यावर उपचार करण्याची तयारी सत्राच्या जागी असावी लागते. हे सारे चार ओळींत लिहिले तर आकड्यापेक्षा भीती मोठी होते. पण त्याचा वाचणाऱ्याने करायचा भाग छोटा आहे : लस घेतल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. म्हणून कॅप्शनमध्ये कृती लिहावी आणि कारण परिचारिकेने तोंडी सांगावे. तसेच «लस कोणाला देऊ नये» याची वैद्यकीय यादी न देता «मूल आज आजारी असेल किंवा आधीच्या लसीनंतर जास्त त्रास झाला असेल, तर टोचण्याआधी सांगा» एवढे पुरते. साध्या सर्दी-खोकल्यासाठी लस पुढे ढकलावी लागत नाही, पण तो निर्णय तपासणाऱ्याचा आहे. कॅप्शनने निर्णय देऊ नये, निर्णय घेणाऱ्यापर्यंत माहिती पोचवावी.

«100 टक्के सुरक्षित» याबद्दल वेगळे लिहीत नाही. शंभराचा आकडा दिला की एका उदाहरणाने तो खोटा पडतो, आणि त्या एका उदाहरणाचा फोटो वस्तीत सगळ्यात आधी फिरतो.

३. शांत करणारे शब्द शांत करतात का?

नमुन्यात धीर देणारी दोन वाक्ये आहेत : «घाबरू नका» आणि «अफवांवर विश्वास ठेवू नका». आपल्या बोलण्यात «घाबरू नका» कधी येते ते आठवा. डॉक्टर कागद हातात घेऊन असे म्हणाले, की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. वाक्य नकारार्थी आहे, पण मनात राहतो तो शब्द «घाबरणे».

अफवेचेही तसेच. या लसीने पुढे मूल होत नाही अशी अफवा 2017-18 मधल्या मोहिमांच्या वेळी देशाच्या अनेक भागांत व्हॉट्सॲपवर फिरली होती. कॅप्शनमध्ये तिचे नाव घेऊन खंडन केले, तर जिने ती ऐकलीच नव्हती तिच्यापर्यंत ती आपणच पोचवतो. नाव न घेता «अफवांवर विश्वास ठेवू नका» म्हटले, तर ती विचारते, कसली अफवा? जिने ऐकली आहे तिला या वाक्यातून उत्तर मिळत नाही, उलट आपल्याला मूर्ख ठरवले असे वाटते. एखाद्या वस्तीत अफवा खरोखर पसरली असेल, तर तिला उत्तर द्यायलाच हवे, पण ते ओळखीच्या माणसाने समोरासमोर द्यावे. कॅप्शनमध्ये फक्त विचारायचे कोणाला ते लिहावे. महाराष्ट्रात ते «आशाताईंना विचारा» असे होईल, आमच्याकडे छत्तीसगडमध्ये «मितानिनला विचारा» असे. या एका नावाने जेवढा धीर येतो तेवढा दोन उपदेशांनी येत नाही.

«थैमान» हा शब्द बातमीचा आहे, सूचनेचा नाही. उद्रेक आहे हे लपवू नये. पण सांगायचे तर आरोग्य खात्याने जाहीर केलेली संख्या, भाग आणि तारीख यांसह सांगावे. ती हाताशी नसेल तर «आपल्या भागात गोवरचे रुग्ण आढळले आहेत, म्हणून हा जादा डोस» एवढे पुरते. यात «म्हणून» महत्त्वाचे आहे. जादा डोस का, हा पहिला रास्त प्रश्न असतो. त्याचे उत्तर मिळाले की संशयाला जागा कमी उरते.

«एकही बालक वंचित राहता कामा नये» हे वाक्य वरिष्ठांनी कनिष्ठांना लिहिलेल्या परिपत्रकातले आहे. ते आईला उद्देशून नाही. «बालक», «वंचित», «कामा नये» हे तिन्ही शब्द घरात कोणी बोलत नाही. तिला «मुलाला घेऊन या» म्हणावे.

छायाचित्रही मजकुराचाच भाग आहे. खाली कितीही संयत लिहिले तरी वर सुई आणि किंचाळणारे तोंड असेल तर डोळा तेच वाचतो. आईच्या मांडीवर बसलेले मूल आणि शेजारी कार्ड लिहिणारी परिचारिका असे चित्र तितकेच खरे असते. मुलाचा चेहरा ओळखू येत असेल तर पालकांना विचारूनच ते छापावे.

रायपूरच्या मराठी वाचकासाठी एक सूचना

आमच्याकडची मराठी घरे आरोग्य केंद्रातला हिंदी मजकूर वाचतात आणि समाजाच्या गटात तो मराठी करून पाठवतात. त्यात घाईने शब्द तसेच राहतात. हिंदीत «टीका» म्हणजे लस, मराठीत टीका म्हणजे दोष दाखवणे, जसे या टिपणात चालले आहे. «शिविर»चे मराठीत «शिबिर» होते. सर्वांत जपायचा शब्द «खसरा». हिंदीत तो गोवर, पण विदर्भ आणि छत्तीसगडच्या माणसाला खसरा म्हटले की शेताचा क्रमांक आधी आठवतो. उलट मराठीतला «गोवर» हिंदी वाचणाऱ्या शेजाऱ्याला कळत नाही. इथल्या पत्रकावर रोगाचे नाव दोन्ही भाषांत द्यावे : गोवर, हिंदीत खसरा. अंगावर पुरळ आणणाऱ्या आजारांना घरोघर «माता» म्हणतात, आणि त्या एका नावात गोवर, कांजिण्या, कधीकाळची देवी सगळेच येते. त्यामुळे «आमच्या मुलाला माता येऊन गेली, आता लस कशाला» हे उत्तर ऐकू येते. कॅप्शन त्याला पुरणार नाही, पण लिहिणाऱ्याला हे ठाऊक असावे.

सुधारलेला मजकूर

आता उद्रेकाच्या भागातल्या जादा डोसाच्या शिबिरासाठी नमुना पुन्हा लिहू. जागा आणि दिवस उदाहरणादाखल आहेत.

छायाचित्राखाली :

«गोवर-रुबेला लसीचा जादा डोस, मोफत. बुधवार, 21 डिसेंबर 2022, सकाळी 10 ते दुपारी 4, अंगणवाडी क्र. 3, मारुती मंदिरासमोर. 9 महिने पूर्ण झालेल्या आणि 5 वर्षे पूर्ण न झालेल्या सर्व मुलांना, आधी लस घेतली असली तरी, घेऊन या. लसीकरण कार्ड सोबत आणा.»

पत्रकाच्या मागे किंवा दुसऱ्या चित्रात :

«आपल्या भागात गोवरचे रुग्ण आढळले आहेत, म्हणून हा जादा डोस आहे. 9 महिन्यांचा आणि दीड वर्षाचा नेहमीचा डोस ठरल्या वेळी घ्यायचाच आहे. मूल आजारी असेल किंवा आधीच्या लसीनंतर जास्त त्रास झाला असेल, तर टोचण्याआधी सांगा. लस घेतल्यावर अर्धा तास थांबा. काही मुलांना सातव्या ते बाराव्या दिवसाच्या दरम्यान ताप किंवा थोडे पुरळ येते आणि दोन-तीन दिवसांत जाते. ताप जास्त असेल, टिकला किंवा मूल सुस्त वाटले, तर आरोग्य केंद्रात दाखवा. शंका असल्यास आशाताईंना विचारा.»

मूळ नमुन्यापेक्षा हा मजकूर बराच लांब झाला आहे, आणि तो दोष मला मान्य आहे. म्हणून त्याचे दोन भाग केले. पहिला भाग आईला शिबिरापर्यंत आणतो, दुसरा तिच्याबरोबर घरी जातो आणि बारा दिवस उपयोगी पडतो. गटात पुढे पाठवताना दुसरे चित्र मागे राहण्याचा धोका आहेच, म्हणून तो भाग शिबिरात छापील कागदावरही द्यावा. «उद्या»च्या जागी तारीख आणि वार आले आहेत, कारण पुढे पाठवलेला «उद्या» आठवडाभर उद्याच राहतो.

मजकूर पुरेसा झाला का, हे लिहिणाऱ्याने स्वतः वाचून कळत नाही. वर्गात आम्ही असे करतो : विषयाशी संबंध नसलेल्या तिघांना तो एकदा वाचायला देतो, कागद परत घेतो आणि प्रश्न विचारतो. बाळ साडेआठ महिन्यांचे आहे, न्यायचे का? मुलीचे दोन्ही डोस झालेत, न्यायचे का? नवव्या दिवशी ताप आला, काय कराल? हा डोस घेतला, तर दीड वर्षाचा घ्यायचा का? मूळ नमुना वाचलेल्या विद्यार्थ्यांनी पहिल्या प्रश्नाला «हो» आणि शेवटच्याला «नाही» म्हटले. दोन्ही उत्तरे चुकीची होती, आणि दोन्ही मजकुराने शिकवलेली होती. सुधारलेल्या मजकुरावर चारही उत्तरे बरोबर आली.

पण एका विद्यार्थिनीने पाचवा प्रश्न काढला : मुलाने दीड वर्षाचा डोस दहाच दिवसांपूर्वी घेतला असेल तर? गोवरच्या दोन डोसांमध्ये निदान चार आठवडे जावे लागतात, त्यामुळे त्याला त्या दिवशी जादा डोस मिळणार नाही, आणि आमचा मजकूर तर «सर्व मुलांना घेऊन या» म्हणतो. हे वाक्य आम्ही घातले नाही. अशी मुले थोडी असतात, आणि चार आठवड्यांचा नियम लिहिला तर बाकीचे पालक तारखा मोजत बसतील. पण त्यामुळेच «लसीकरण कार्ड सोबत आणा» हे वाक्य पहिल्या भागात आणावे लागले. कार्डावर तारीख असते आणि ती बघून परिचारिका ठरवते. त्या विद्यार्थिनीचा प्रश्न येईपर्यंत कार्डाचा उल्लेख आमच्या मसुद्यात शेवटच्या ओळीत होता.